रोजचं रिजेक्शन वर-खाली होतंय, पण खरंच काही बिघडलंय का? पी-चार्ट कसा बनवायचा आणि कसा वाचायचा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या पावडर कोटिंग युनिटमध्ये मी क्वालिटी बघतो. इलेक्ट्रिकल पॅनलची कव्हरं, दरवाजे, ब्रॅकेट असला माल. दिवसाला साधारण ४०० पीस तपासून पुढे जातात. आमच्याकडे रोज सकाळी सव्वानऊला मीटिंग व्हायची आणि ती एकाच आकड्यावर, काल रिजेक्शन किती टक्के. ३ आलं तर सगळे खूश, चहा यायचा. साडेपाच आलं की शेठ विचारणार, "परवा ३ होतं, काल साडेपाच कसं झालं? काय केलं तुम्ही?" मग कोणीतरी काहीतरी कारण सांगणार. पावडरचा लॉट बदलला, नवीन पोरगा गनवर होता, दुपारी व्होल्टेज कमी होतं. त्या कारणावर काहीतरी उपाय पण व्हायचा, म्हणजे गनचे केव्ही वाढव, ओव्हनचं तापमान ५ डिग्रीने चढव, पोराला दुसरीकडे टाक. आणि दुसऱ्या दिवशी रिजेक्शन आपोआप कमी यायचं, म्हणून सगळ्यांना वाटायचं की उपाय लागू पडला.

तसं काही नव्हतं, ते आकडे उपाय केला नसता तरी खालीच आले असते. हे मला कळायला बरेच महिने लागले, आणि ते ज्या चार्टमुळे कळलं तो कसा बनवायचा ते इथे नीट सांगतो. सातपूर, अंबड, सिन्नरला आमच्यासारखी शेकडो युनिटं आहेत जिथे रोजचा रिजेक्शनचा आकडा लिहिला जातो पण वाचला चुकीचा जातो, त्यांच्यासाठी.

आधी एक प्रयोग करा, पाच मिनिटांचा

समजा तुमच्या लाईनवर काहीही बिघडलेलं नाही. प्रत्येक पीस खराब निघायची शक्यता कायम ४ टक्के, ना कमी ना जास्त. रोज ४०० पीस. मग रोज बरोबर १६ पीस खराब निघतील का? नाही निघणार. एक्सेल किंवा गुगल शीट उघडा आणि हा फॉर्म्युला २४ ओळींत टाका:

```
=BINOM.INV(400,0.04,RAND())
```

बहुतेक वेळा ९-१० पासून २३-२४ पर्यंत आकडे दिसतील. म्हणजे एक दिवस अडीच टक्के आणि एक दिवस सहा टक्के, आणि कारण काय तर काहीच नाही. तिथे ना पावडर आहे, ना गन, ना ऑपरेटर, फक्त कॉम्प्युटर आकडे काढतोय. मी हे शेठना मोबाईलवर दाखवलं आणि विचारलं, या आठव्या ओळीत २३ आलेत, सांगा बरं कोणाला बोलायचं? ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, परत कर. दोन-तीनदा केलं, दरवेळी कुठेतरी मोठा आकडा आणि कुठेतरी लहान. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं.

तर हा चढउतार प्रक्रियेत मुरलेलाच असतो. प्रश्न एवढाच की हा मुरलेला चढउतार कुठवर जातो आणि कुठल्या आकड्याला "हे नेहमीचं नाही" म्हणायचं. ती रेघ आपल्या मनाने किंवा शेठच्या मूडने नाही, आपल्याच डेटावरून ओढायची, याला कंट्रोल चार्ट म्हणतात. वॉल्टर शुहार्टने १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत टेलिफोनच्या पार्टसाठी हा मांडला. शंभर वर्षं झाली आणि गणित अजून तेच आहे. खराब पीसच्या टक्केवारीसाठी जो चार्ट वापरतात तो पी-चार्ट.

पहिली पायरी: मोजायचं काय ते आधी ठरवा

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. पी-चार्टमध्ये पीस मोजायचे, डाग नाही. एका दरवाजावर तीन ठिकाणी कचरा बसलाय आणि एक पिनहोल आहे तरी तो एकच खराब पीस. डाग मोजायचे असतील तर त्याचा चार्ट वेगळा आणि गणित पण वेगळं.

दुसरं म्हणजे पहिल्याच तपासणीचा निकाल धरायचा. आमच्याकडे रिवर्क झालेला पीस परत तपासणीला यायचा आणि परत "तपासले" मध्ये मोजला जायचा, त्यामुळे खालचा आकडा फुगायचा आणि टक्केवारी चांगली दिसायची. आता रिवर्कच्या पीसवर पिवळा स्टिकर असतो आणि त्याची नोंद वेगळ्या वहीत.

तिसरं, खराब कशाला म्हणायचं. मी दोन इन्स्पेक्टरना तेच ३० पीस वेगवेगळे तपासायला दिले, तर एकाने ४ काढले आणि दुसऱ्याने ७. असं असेल तर चार्ट लाईनचा नाही, कोण ड्युटीवर होतं त्याचा निघणार. मग आम्ही तीन नमुन्याचे पीस भिंतीला टांगले, हा पास, हा काठावरचा पण पास, हा फेल, आणि किती अंतरावरून आणि कुठल्या ट्यूबलाईटखाली बघायचं ते पण ठरवलं. कंटाळवाणं काम आहे पण याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट.

रोज फक्त तीन गोष्टी लिहा: किती तपासले, किती खराब, आणि खराब कशामुळे (कचरा, पिनहोल, पातळ कोट, हाताळणीचा ओरखडा, इतर). शेजारी एक रकाना "आज काय वेगळं झालं" याचा ठेवा. लाईट गेली, नवीन पावडरचा बॉक्स उघडला, अमुक जण सुट्टीवर, असं काहीही. हा रकाना त्याच दिवशी भरायचा. पंधरा दिवसांनी आठवून लिहिलेली कारणं सोयीची असतात, खरी नसतात.

दुसरी पायरी: २०-२५ दिवस नुसतं लिहा

या काळात रोजच्या आकड्यावरून सेटिंगला हात लावायचा नाही. शेठला हे पटवणं सगळ्यात अवघड. मी सांगितलं चार आठवडे द्या, माल तसाही रोज तपासूनच जातोय, गिऱ्हाइकाकडे काही खराब जाणार नाहीये.

आमचे २४ दिवस, मे मध्यापासून पाऊस सुरू व्हायच्या आधीपर्यंतचे, असे होते. आधी खराब, मग तपासले:

पहिला आठवडा: १४/४००, १९/३८०, १३/४२०, २१/४००, १७/४१०, ११/३६०
दुसरा आठवडा: १८/४००, २४/४४०, १२/४००, १५/३९०, ३५/४००, १६/४२०
तिसरा आठवडा: १०/४००, १७/३८०, २२/४००, १४/४३०, १९/४००, ९/२४०
चौथा आठवडा: १६/४१०, १३/४००, २०/४२०, १५/४००, १२/३८०, १८/४००

तिसऱ्या आठवड्यातले ते २४० बघा, त्या दिवशी वळवाच्या पावसात दुपारी लाईट गेली ती गेलीच. असे दिवस टाकून द्यायचे नाहीत, चार्ट त्यांना सांभाळून घेतो, पुढे दिसेलच.

तिसरी पायरी: मधली रेघ आणि दोन मर्यादा

मधली रेघ म्हणजे एकूण खराब भागिले एकूण तपासलेले. रोजच्या टक्क्यांची सरासरी काढू नका, कारण मग २४० पीसच्या दिवसाला ४४० पीसच्या दिवसाएवढंच वजन मिळतं. आमचे एकूण खराब ४०० आणि एकूण तपासलेले ९४८०, म्हणजे ४.२२ टक्के.

मर्यादा काढायला मधल्या रेघेच्या वर आणि खाली तीन सिग्मा जायचं. सिग्मा म्हणजे नुसत्या योगायोगाने आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो त्याचं माप, आणि ते त्या दिवशी किती पीस तपासले यावर अवलंबून असतं. पीस कमी तर योगायोग जास्त, त्यामुळे मर्यादा रुंद. शीटमध्ये A मध्ये तारीख, B मध्ये तपासलेले, C मध्ये खराब, पहिली ओळ हेडिंगची, आणि मग:

```
D2: =C2/B2
H1: =SUM(C2:C25)/SUM(B2:B25)
E2: =$H$1+3*SQRT($H$1*(1-$H$1)/B2)
F2: =MAX(0,$H$1-3*SQRT($H$1*(1-$H$1)/B2))
G2: =$H$1
```

D, E, F, G खाली २५व्या ओळीपर्यंत ओढा, G म्हणजे मधली रेघ. खालची मर्यादा गणिताने शून्याच्या खाली गेली तर शून्य धरायची, म्हणून तिथे तो MAX टाकलाय. मग D, E, F, G यांचा लाईन चार्ट काढा, झाला पी-चार्ट.

४०० पीसच्या दिवसाला आमची वरची मर्यादा ७.२३ टक्के आली आणि खालची १.२०. आता आधीच्या मीटिंगा आठवा. साडेपाच टक्क्याला आरडाओरडा व्हायचा. या २४ दिवसांत ५ किंवा त्याच्या वर पाच दिवस गेलेत, त्यातले चार सगळे मर्यादेच्या आत, म्हणजे त्या चार दिवसांचं वेगळं असं कारण शोधण्यात काही अर्थच नव्हता. पाचवा मात्र वेगळा.

चौथी पायरी: बाहेर गेलेल्या दिवसाच्या मागे लागा, आणि तेव्हाच लागा

अकराव्या दिवशी ४०० पैकी ३५, म्हणजे ८.७५ टक्के. हा मर्यादेच्या बाहेर. कारणाचा रकाना बघितला तर ३५ पैकी २४ पीस पातळ कोटचे. एरवी पातळ कोटचे दिवसाला दोन-तीन असतात. "आज काय वेगळं" मध्ये लिहिलेलं होतं की हूक साफ करणारा माणूस आला नव्हता.

पावडर कोटिंगवाल्यांना लगेच कळलं असेल. पीस ज्या हुकावर टांगतो त्या हुकावर पण दर फेरीला पावडर बसते आणि भाजून घट्ट होते. हूक जाळून किंवा खरवडून साफ नाही केला तर त्या थरामुळे पिसाला अर्थिंग मिळत नाही, पावडर पिसाकडे नीट ओढली जात नाही, कोपऱ्यात आणि खाचेत तर नाहीच. थिकनेस गेजवर आम्हाला ६० ते ८० मायक्रॉन लागतात, तिथे ३५-४० येत होते. दोन हूक मल्टिमीटरने तपासले, पीस ते कन्व्हेयर, आणि उत्तर समोर होतं.

म्हणजे कारण सापडलं, ते खरं आहे याची खात्री झाली, आणि ते परत होऊ नये म्हणून साफ हुकांचा एक जादा सेट करून ठेवला. हे सगळं झाल्यावरच तो दिवस हिशोबातून काढायचा. माझं याबाबतीत मत एकदम पक्कं आहे: कारण सापडलं नाही तर दिवस काढायचा नाही, भले चार्ट कितीही वाईट दिसू दे. नाहीतर जो दिवस आवडला नाही तो काढून टाकायची सवय लागते आणि मर्यादा खोट्या अरुंद होत जातात.

अकरावा दिवस शीटमध्ये बाराव्या ओळीत आहे, त्यामुळे:

```
H1: =(SUM(C2:C25)-C12)/(SUM(B2:B25)-B12)
```

आता ३६५ भागिले ९०८०, मधली रेघ ४.०२ टक्के. ४०० पीसला मर्यादा १.०७ ते ६.९७. त्या लाईट गेलेल्या २४० पीसच्या दिवसाला ०.२२ ते ७.८२, ४४० पीसच्या दिवसाला १.२१ ते ६.८३. उरलेले २३ दिवस सगळे आत. या आकड्यांना कुलूप लावायचं. पुढे रोज नवीन आकडा आला म्हणून मधली रेघ परत काढत बसायचं नाही, नाहीतर बिघाड हळूहळू मर्यादेत मिसळून जातो आणि चार्ट कधीच ओरडत नाही.

पाचवी पायरी: मर्यादा भरवशाच्या आहेत का ते तपासा

ही पायरी बरेच लोक गाळतात आणि मग म्हणतात चार्ट आमच्याकडे चालत नाही. वरचं गणित असं धरून चालतं की प्रत्येक पीस आपापला खराब होतो, शेजारच्या पिसाशी संबंध नाही. पण कोटिंगमध्ये कधीकधी अख्खा हँगरच खराब निघतो, एकदम १२ पीस. तसं बऱ्याचदा होत असेल तर खरा चढउतार गणितातल्यापेक्षा मोठा असतो आणि मर्यादा खूप अरुंद पडतात, उगाच अलार्म वाजत राहतो.

तपासायला सोपी युक्ती आहे. रोजच्या टक्क्यांची सरासरी काढा. मग लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक काढा (प्लस मायनस बघू नका, नुसता फरक), त्या फरकांची सरासरी काढून २.६६ ने गुणा, आणि टक्क्यांच्या सरासरीच्या वर-खाली तेवढं जा. आमचं, अकरावा दिवस सोडून, सरासरी ४.०१ आणि फरकांची सरासरी १.२६ आली, गुणून ३.३६, म्हणजे मर्यादा ०.६५ ते ७.३७. पी-चार्टच्या १.०७ ते ६.९७ शी जवळपास जुळतंय, म्हणजे आमच्याकडे पी-चार्ट चालतो. तुमच्याकडे दुसऱ्या पद्धतीची मर्यादा दुपटीने रुंद आली तर पी-चार्टचा हट्ट सोडा आणि तीच दुसरी वापरा, ती तुमच्या डेटातला खरा चढउतार मोजते.

हे मोठ्या आकड्यांवर हमखास होतं. एका ओळखीच्या प्रेस शॉपमध्ये दिवसाला १०,००० पीस निघतात. ४ टक्के धरले तर तिथे पी-चार्टच्या मर्यादा ३.४१ ते ४.५९ येतात. एवढ्या बारीक पट्टीत कुठलीच खरी लाईन राहत नाही, कॉइल बदलते, शिफ्ट बदलते, एवढा फरक पडतोच. त्यांच्या चार्टवर निम्मे दिवस बाहेर होते आणि त्यांनी तो फाडून टाकला होता. दुसऱ्या पद्धतीने काढल्यावर कुठे तो कामाचा झाला.

उलट बाजूला, रिजेक्शन फारच कमी असेल तर पण अडचण. ४०० पीसला ०.२ टक्के म्हणजे दिवसाला एक पण नाही. तिथे रोजचा चार्ट नुसता शून्य आणि एकच्या उड्या दाखवणार. दिवसाला सरासरी निदान पाच खराब तरी यायला हवेत, नाहीतर आठवड्याचे एकत्र करून एक ठिपका टाका.

सहावी पायरी: रोज वाचायचा कसा

मी दोनच नियम वापरतो. पहिला, ठिपका मर्यादेच्या बाहेर. दुसरा, लागोपाठ आठ ठिपके मधल्या रेघेच्या एकाच बाजूला. पुस्तकात अजून पाच-सहा नियम सापडतील, पण जितके नियम वाढवाल तितके खोटे अलार्म वाढतात आणि मग लोक चार्टकडे बघायचे बंद होतात. आठच का, तर काही बिघडलं नसेल तर ठिपका वर किंवा खाली पडायची शक्यता साधारण निम्मी-निम्मी, आणि कुठलेही आठ घेतले तर ते सगळे एकाच बाजूला पडायची शक्यता १२८ मध्ये एक. होऊ शकतं, पण क्वचित.

या दुसऱ्या नियमानेच आमचा पावसाळ्यातला बिघाड पकडला. जूनच्या उत्तरार्धात लागोपाठ आठ दिवस, रोज ४०० पीस, खराब १८, २१, १९, २०, १७, २२, १९, २१. यातला एकही दिवस मर्यादेच्या जवळपास पण नाही, सगळ्यात मोठा साडेपाच टक्के. जुन्या पद्धतीने एखाद्या दिवशी बोलणी बसली असती आणि विषय संपला असता. पण आठच्या आठ ४.०२ च्या वर. एकूण १५७ भागिले ३२००, ४.९१ टक्के, म्हणजे जवळजवळ एक टक्का वर सरकलंय आणि तिथेच बसलंय.

इथे शोधायची रीत वेगळी. ठिपका बाहेर गेला की विचारायचं आज काय झालं. ओळ सरकली की विचारायचं कधीपासून आणि तेव्हा काय बदललं. कारणांचा रकाना जोडून बघितला तर कचरा तेवढाच, पातळ कोट तेवढाच, पिनहोल मात्र दिवसाला तीनवरून सहा-सात. आणि ओळ सुरू झाली ती पाऊस लागला त्याच आठवड्यात.

पावसाळ्यात हवेत दमटपणा असतोच, पण गनला जाणारी हवा ड्रायरमधून येते, ती कोरडी हवी. गनची हवा स्वच्छ पांढऱ्या कपड्यावर मिनिटभर सोडली तर बारीक ओला डाग आला. मागे जाऊन बघितलं, ड्रायरचा ऑटो ड्रेन गंजाच्या चुऱ्याने चोक झालेला, पाणी बाहेर पडायच्या ऐवजी लाईनमध्ये पुढे जात होतं. उन्हाळ्यात हवेत पाणीच कमी, त्यामुळे कळलं नव्हतं, बहुतेक तो आधीपासूनच अर्धवट बंद असणार. ते पाणी पावडरसोबत पिसावर जायचं आणि ओव्हनमध्ये वाफ होऊन बाहेर पडताना पिनहोल. ड्रेन खोलून साफ केला, आधी एक गाळणी बसवली, आणि रोज सकाळी पहिला पीस लावायच्या आधी कपड्यावर हवा सोडून बघायचं काम कोटरला दिलं. पुढच्या चार दिवसांत १३, १७, १४, १६.

खाली गेलेला ठिपका

याच्याकडे कोणी बघत नाही. ऑगस्टमध्ये एक दिवस ४०० मध्ये फक्त ३ आले, ०.७५ टक्के, खालच्या मर्यादेच्या पण खाली. सगळे खूश. पण चार्टच्या हिशोबाने हा पण बाहेरचाच ठिपका, याचं पण कारण शोधायचं. आम्ही तो माल गाडीत चढायच्या आधी परत ५० पीस बघितले, त्यात २ खराब निघाले, आणि तेच ५० पास म्हणून लिहिलेले. त्या दिवशी डिस्पॅचची घाई होती, इन्स्पेक्टरवर दबाव होता आणि त्याने भराभर सोडले. त्याला बोललो नाही, घाई कोणी लावली ते विचारलं. कधी खाली जायचं कारण चांगलं पण असतं, मग तर ते शोधून कायम करायला हवं, पण आधी तपासणी झाली होती का ते बघा.

सगळे ठिपके आत आहेत, पण ४ टक्के परवडत नाही, मग?

हा प्रश्न हमखास येतो. कंट्रोलमध्ये असणं म्हणजे चांगलं असणं नाही. चार्ट एवढंच सांगतो की लाईन आहे तशी चालू ठेवली तर ४ टक्के येत राहतील, कधी दोन, कधी सहा. गिऱ्हाइकाला २ टक्के हवेत म्हणून वरची मर्यादा २ वर ओढून ठेवली असं पण मी बघितलंय, त्याने लाईनला काही कळत नाही. मर्यादा आपला डेटा ठरवतो, गिऱ्हाईक नाही.

इथे "काल काय झालं" हा प्रश्न सोडून द्यायचा आणि सगळ्या दिवसांचा माल एकत्र बघायचा. आमच्या ३६५ खराब पिसांत कचऱ्याचे १६१, पिनहोल ७४, पातळ कोट ६२, ओरखडे ४८, इतर २०. म्हणजे १०० मधले ४४ कचऱ्याने, आणि ते रोजच येत होते, चांगल्या दिवशी पण आणि वाईट दिवशी पण. त्यासाठी कुणा एका पोराला धरून काही होणार नव्हतं. बूथ आणि ओव्हनच्या मधल्या पट्ट्यात ग्राइंडिंगचं टेबल होतं, ते दुसऱ्या शेडमध्ये हलवलं आणि कन्व्हेयरची वरची साखळी आठवड्याला पुसायला सुरुवात केली. खर्च फारसा नाही, पण निर्णय शेठचा लागतो, ऑपरेटरच्या हातात ते कधीच नव्हतं.

असा बदल केला की चार्टवर तारखेला उभी रेघ मारा आणि वाट बघा. आमच्याकडे टेबल हलवल्यानंतर लागोपाठ आठ ठिपके मधल्या रेघेच्या खाली पडले, तेव्हा मानलं की फरक पडला. मग २० दिवस होऊ दिले आणि त्या दिवसांवरून नवीन मधली रेघ, नवीन मर्यादा काढल्या. मर्यादा परत काढायचं माझ्या दृष्टीने हे एकच योग्य कारण: प्रक्रिया मुद्दाम बदलली, काय बदललं ते माहीत आहे, आणि चार्टवर ते दिसतंय. नवीन वर्ष लागलं किंवा ऑडिट आलं ही कारणं नाहीत.

सकाळची मीटिंग अजून सव्वानऊलाच होते. चार्ट प्रिंट काढून बूथच्या बाहेर लावलाय, कालचा ठिपका कोटर स्वतः पेनने टाकतो. ठिपका आत असेल आणि आठची ओळ झाली नसेल तर रिजेक्शनचा विषय तिथेच संपतो आणि आम्ही सरळ डिस्पॅचकडे वळतो.